नोकरी सोडण्याआधी ग्रँट लेटर कसे वाचावे
ईसॉप मिळालेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ग्रँट लेटर म्हणजे ईसॉप या कर्मचाऱ्यांसाठीच्या शेअर योजनेखाली कंपनीने ऑप्शन दिल्याचे पत्र. ते हातात पडते तेव्हा त्यातील ऑप्शनच्या संख्येकडे सर्वांचे लक्ष जाते आणि नोकरी संपल्यावर काय होईल हे सांगणारे कलम बहुधा वाचायचे राहून जाते. आमच्या मते वाचन त्या कलमापासूनच सुरू करावे. व्हेस्टिंगचे वेळापत्रक, एक्सरसाइज प्राइस आणि नोकरी सोडल्यानंतरची तरतूद या तीन गोष्टी पत्रात वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या असल्या, तरी ज्या दिवशी आपण कंपनीतून बाहेर पडता त्या दिवशी त्या एकाच हिशेबात येतात.

ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या किमतीला, म्हणजे एक्सरसाइज प्राइसला, ठरलेल्या मुदतीत शेअर विकत घेण्याचा तो हक्क असतो. हा हक्क हळूहळू पक्का होत जातो, त्याला व्हेस्टिंग म्हणतात. पक्का झालेला हक्क वापरून पैसे भरले आणि शेअर नावावर झाले, म्हणजे एक्सरसाइज झाले. तोपर्यंत आपण भागधारक नसता.

आता एक कल्पित पत्र घेऊ. आकडे सोपे ठेवले आहेत आणि ते कोणत्याही चलनात वाचता येतील. पत्रानुसार ४,८०० ऑप्शन दिलेले आहेत, एक्सरसाइज प्राइस प्रतिशेअर ४० आहे, व्हेस्टिंग ४ वर्षांचे असून त्यात १ वर्षाचा क्लिफ आहे आणि त्यानंतर दरमहा समान हप्ते आहेत. ग्रँटची तारीख १५ जून २०२२ असली, तरी व्हेस्टिंग सुरू होण्याची तारीख मात्र १ एप्रिल २०२२, म्हणजे नोकरीत रुजू झाल्याची तारीख दिली आहे. ४८ महिन्यांत ४,८०० म्हणजे महिन्याला १०० ऑप्शन. क्लिफचा अर्थ असा की पहिल्या वर्षात एकही ऑप्शन पक्का होत नाही, १ एप्रिल २०२३ रोजी १,२०० एकदम पक्के होतात आणि १ मे २०२३ पासून दर महिन्याच्या १ तारखेला १०० ची भर पडते. ३१ मार्च २०२३ रोजी कंपनी सोडणाऱ्याच्या हाती मात्र काहीच राहत नाही.

या कर्मचाऱ्याने १० ऑक्टोबर २०२४ रोजी राजीनामा दिला आणि त्याच्या कामाचा शेवटचा दिवस ९ डिसेंबर २०२४ ठरला. त्याचे किती ऑप्शन पक्के झाले? शेवटच्या दिवसापर्यंत मोजल्यास ३२ महिने पूर्ण होतात, म्हणून ३,२००. परंतु काही योजनांमध्ये राजीनामा दिल्याच्या दिवशीच व्हेस्टिंग थांबते, आणि मग ३० महिन्यांचे ३,०००च उरतात. नोटीस पीरियडमधील २०० ऑप्शन केवळ एका शब्दरचनेमुळे जातात. याउलट, पत्रात व्हेस्टिंगची सुरुवात ग्रँटच्या तारखेपासून धरली असती, तर शेवटच्या दिवसापर्यंत २९ महिन्यांचे २,९०० ऑप्शनच पक्के झाले असते. म्हणून पत्रात दोन तारखा शोधाव्यात: मोजणी कोणत्या दिवशी सुरू होते आणि कोणत्या दिवशी थांबते. जे पक्के झालेले नाहीत, ते सहसा त्याच दिवशी रद्द होतात आणि त्यांची भरपाई मिळत नाही.

एक्सरसाइज प्राइसचा भाग वाचायला सोपा वाटतो, परंतु ग्राहकांची सर्वाधिक ओढाताण येथेच होते. ३,२०० ऑप्शन वापरण्यासाठी ४० दराने १,२८,००० भरावे लागतील. समजा त्या वेळी कंपनीने करवून घेतलेल्या मूल्यांकनानुसार शेअरचे मूल्य १५० आहे. म्हणजे प्रत्येक शेअरमागे ११० चा, एकूण ३,५२,००० चा कागदी लाभ दिसतो. अनेक देशांत हा फरक एक्सरसाइजच्या वेळीच पगारासारखे उत्पन्न मानून त्यावर कर घेतला जातो. हिशेबासाठी ३० टक्के दर धरल्यास कर १,०५,६०० होतो. आपल्या ठिकाणचा नियम आणि दर वेगळा असू शकतो, त्यामुळे ही रक्कम स्वतंत्रपणे तपासावी लागते. या उदाहरणात कर्मचाऱ्याला २,३३,६०० इतके रोख पैसे उभे करावे लागतील, आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर ते शेअर विकून कर भरण्याची सोयही बहुधा नसते. मूल्य पुढे घसरले, तरी भरलेला कर आपोआप परत मिळत नाही. शेअरचे मूल्य ४० च्या खाली गेलेले असेल, तर एक्सरसाइज करण्यात अर्थ उरत नाही. बंधन तर मुळीच नसते.

हे पैसे कधीपर्यंत उभे करायचे, हे नोकरी संपल्यानंतरचे कलम सांगते. पत्राच्या सुरुवातीला अनेकदा ऑप्शनची मुदत १० वर्षे लिहिलेली असते आणि ती वाचून अनेकजण निर्धास्त होतात. ती मुदत नोकरीत असणाऱ्यांसाठी असते. नोकरी सोडणाऱ्याला अनेक योजनांत ९० दिवस मिळतात, काहींत त्याहून बरेच अधिक. आपल्या उदाहरणात ९ डिसेंबरपासूनचे ९० दिवस ९ मार्च २०२५ रोजी संपतात, आणि तो रविवार आहे. अर्ज आणि रक्कम दोन्ही त्या दिवसापर्यंत कंपनीकडे पोचणे आवश्यक आहे की अर्ज पुरेसा आहे, हे लेखी विचारून घ्यावे. मुदत उलटून गेल्यावर पक्के झालेले ऑप्शनही संपतात, आणि कंपनी सौजन्य म्हणून ते पुन्हा जिवंत करील अशी आशा बाळगू नये. काही कंपन्या नेट एक्सरसाइजला परवानगी देतात, म्हणजे रोख न भरता काही शेअर कंपनीकडे सोडून उरलेले घेता येतात. ही सोय योजनेत लिहिलेली असेल तरच तिच्यावर विसंबावे.

बाहेर पडण्याचे कारणही महत्त्वाचे असते. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झाल्यास पक्के झालेले ऑप्शनसुद्धा रद्द करण्याचा अधिकार अनेक योजना कंपनीला देतात. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व असल्यास मात्र वारसाला किंवा कर्मचाऱ्याला सहसा अधिक काळ दिला जातो. ‘गैरवर्तन’ या शब्दाची व्याख्या बहुधा पत्रात नसून मूळ योजनेत असते. प्रतिस्पर्धी कंपनीत जाणे त्यात मोडते का, हे नवी नोकरी स्वीकारण्याआधी पाहावे.

एक कलम तर शेअर घेतल्यानंतरही आपला पिच्छा सोडत नाही, ते म्हणजे परत खरेदीचे. नोकरी सोडलेल्या व्यक्तीकडील शेअर परत विकत घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला असेल, तर ती खरेदी बाजारमूल्याने होईल की आपण भरलेल्या ४० दराने, यावर पैसे गुंतवायचे की नाही हे अवलंबून असते. दुसऱ्या प्रकारात कर भरून घेतलेले शेअर मूळ किमतीला परत जाऊ शकतात. अशा पत्रावर घाईने पैसे भरू नयेत, असे आम्ही ग्राहकांना स्पष्टपणे सांगतो.

ग्रँट लेटर आणि मूळ योजना यांत विसंगती आढळल्यास सहसा योजनेतील मजकूर ग्राह्य धरला जातो. त्यामुळे आमच्याकडे येताना ग्रँट लेटरसोबत योजनेची पूर्ण प्रत, आतापर्यंत पक्क्या झालेल्या ऑप्शनचा उतारा, मूल्यांकनाचा शेवटचा आकडा आणि त्याची तारीख आणावी. राजीनामा दिलेला असल्यास कंपनीने तो स्वीकारल्याचे पत्रही आणावे, कारण ९० दिवस नेमके कोणत्या दिवसापासून मोजायचे हे आम्ही त्यावरूनच ठरवतो.