देवळांना कुलूप लागलं ते कोणत्या हुकमाने?

रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्म राजधर्म केला तो इसवी सन ३८० मध्ये, असं सर्रास लिहिलं जातं. दाखला दिला जातो तो साम्राज्याच्या पूर्व भागाचा सम्राट थिओडोशियसने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत थेस्सलोनिका इथून काढलेल्या हुकमाचा. हुकूम खरा आहे, वर्षही खरं आहे. पण त्या हुकमात देवळांबद्दल, मूर्तींबद्दल किंवा बळी देण्याबद्दल एक अक्षरही नाही. जुनी देवळं बंद झाली ती पुढच्या बारा वर्षांत, वेगळ्या हुकमांनी आणि बरीचशी हुकमाची वाट न पाहता.

३८० सालचा हुकूम नेमका कोणाला उद्देशून होता, हे आधी पाहायला हवं. तो कॉन्स्टंटिनोपलच्या रहिवाशांना उद्देशून होता. त्या शहरातली चर्चं गेली चाळीसेक वर्षं ख्रिस्ती धर्मातल्याच एका पंथाच्या ताब्यात होती. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, असं तो पंथ मानत असे. थिओडोशियसला हे मान्य नव्हतं. त्याच्या हुकमाचा मथितार्थ असा: रोमचा आणि अलेक्झांड्रियाचा बिशप ज्या श्रद्धेने चालतात तिच्याने चालणारे तेवढे खरे ख्रिस्ती, बाकीचे पाखंडी, त्यांच्या जमण्याच्या जागांना चर्च म्हणायचं नाही, आणि त्यांना शिक्षा आधी देव करील, मग आम्ही करू. म्हणजे हा ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांना भरलेला दम होता. अंमलबजावणीही त्याच दिशेने झाली. नोव्हेंबर ३८० मध्ये सम्राट राजधानीत आला, तिथल्या बिशपला ‘आमची श्रद्धा मान्य कर, नाहीतर चर्च सोड’ असं सांगितलं, आणि बिशपने चर्च सोडलं. पुढच्या वर्षी सुमारे दीडशे बिशपांची परिषद भरली आणि जुलै ३८१ मध्ये आणखी एक हुकूम निघाला. कोणाकोणाशी सहभाग असलेल्या बिशपांना चर्चं द्यायची, याची नावनिशीवार यादीच त्यात होती.

मग याच हुकमाला एवढी प्रसिद्धी का मिळाली? कारण तो एका संहितेत जाऊन बसला. ४३८ मध्ये थिओडोशियसच्या नातवाच्या राज्यात जुने हुकूम निवडून त्यांची संहिता प्रसिद्ध झाली. संपादकांनी हुकमांचा पाल्हाळ छाटला, मूळ प्रसंग गाळले आणि विषयवार मांडणी केली. धर्माचा सोळावा भाग उघडला की सुरुवातीलाच ३८० चा हुकूम भेटतो. एका शहराच्या भांडणातलं फर्मान त्या जागी साऱ्या साम्राज्याच्या प्रतिज्ञेसारखं दिसू लागलं. देवळांचे हुकूम त्याच भागात, पण दहाव्या प्रकरणात, सुटे ठेवलेले आहेत. वाचणारा तिथवर गेला नाही तर त्याला दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

देवळांविरुद्धचे हुकूम त्याआधीही निघाले होते. चौथ्या शतकाच्या मध्याला एका सम्राटाने देवळं बंद करा, बळी द्याल तर तलवारीने मारले जाल, असं बजावलं होतं. ते बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. नंतर एका सम्राटाने तर जुनी पूजाअर्चा पुन्हा थाटात सुरू केली होती. खुद्द थिओडोशियसही सुरुवातीला कडवा नव्हता. नोव्हेंबर ३८२ मध्ये पूर्व सीमेवरच्या ओस्रोईन प्रांतातल्या सेनाधिकाऱ्याला त्याने कळवलं की तिथलं अमुक देऊळ उघडं राहू द्या; लोक तिथे जमतात, आतल्या मूर्तींचं मोल देव म्हणून नाही तर कलाकृती म्हणून करावं; फक्त बळी देऊ नका. राजधर्म जाहीर होऊन दोन वर्षं झाल्यावरचं हे पत्र आहे.

पहिला खरा घाव बसला तो पैशावर, आणि तो पश्चिमेत बसला. ३८२ मध्येच पश्चिमेचा सम्राट ग्रेशियन याने रोममधल्या देवस्थानांची इनामं खालसा केली. व्हेस्टा देवीचा अग्नी राखणाऱ्या कुमारिकांचं वर्षासन बंद झालं, करमाफी गेली, आणि मृत्युपत्राने त्यांना मिळणाऱ्या जमिनी सरकारजमा होऊ लागल्या. सिनेटच्या सभागृहात विजयदेवीची वेदी होती, सभासद आत येताना तिच्यावर धूप घालत. ती हलवली गेली. देवळाला कुलूप न लावताही ते कसं बंद पडतं, हे ज्याने इनाम गेलेलं देवस्थान पाहिलं आहे त्याला सांगायला नको. रोमची पूजा ही राज्याची पूजा होती. राज्याने खर्च उचलणं हाच तिचा प्राण होता. भक्तांनी वर्गणी काढून ती चालवली असती तरी ती राज्याच्या वतीने झालेली ठरली नसती. म्हणून माझ्या मते राजधर्म बदलला ती खूण ३८० मध्ये नाही, या ३८२ च्या खर्चकपातीत शोधावी.

दोन वर्षांनी रोमच्या नगरप्रमुखाने या निर्णयाविरुद्ध अर्ज केला. तोवर ग्रेशियन मारला गेला होता आणि मिलानच्या दरबारात त्याचा बारा-तेरा वर्षांचा भाऊ गादीवर होता. अर्जात भाषा विनवणीची आहे, पण मुद्दे पक्के आहेत: मरणाऱ्याने देवीच्या सेवेसाठी ठेवलेली जमीन सरकारने का घ्यावी? आणि इतक्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही. कुमारिकांचा घास काढल्यावर पीक बुडालं, असंही तो सांगतो. मिलानच्या बिशपने त्याला उत्तर दिलं. तुम्ही अंदाजाने चाचपडता ते आम्हाला देवाकडून कळलं आहे, असं ते उत्तर होतं. मुलगा-सम्राटाला त्याने वेगळं बजावलं: हे मान्य केलंस तर चर्चमध्ये येशील खरा, पण तिथे तुला पुरोहित भेटणार नाही. अर्ज फेटाळला गेला.

पूर्वेकडे तोवर काम हुकमाविना चाललं होतं. ३८४ ते ३८८ या काळात तिथे जो सर्वोच्च मुलकी अधिकारी होता, त्याच्या आशीर्वादाने ख्रिस्ती संन्यासी जथ्याजथ्याने खेड्यांतली देवळं पाडत होते. अँटिओकच्या एका वृद्ध वक्तृत्वगुरूने सम्राटाला उद्देशून भाषण लिहिलं. तुमच्या कायद्याने बळी बंद झाला, देवळं नव्हेत, धूप नव्हे. मग ही पाडापाडी कोणाच्या हुकमाने? देऊळ हा शेतशिवाराचा आत्मा आहे. शेतकऱ्याची बायकापोरं, बैल आणि पेरणी यांची सारी भिस्त तिथे असते, देऊळ गेलं की उमेद जाते आणि मग करही वसूल होत नाही, असं त्याचं म्हणणं. या तक्रारीचा परिणाम झाल्याचं दिसत नाही.

हुकूम आले ते ३९१ मध्ये. २४ फेब्रुवारीला थिओडोशियसकडून, मिलानहून, रोमच्या नगरप्रमुखाला: कोणी बळी देऊ नये, देवळांत फिरू नये, माणसाने घडवलेल्या मूर्तीकडे मान वर करून पाहू नये. दंड सांगितला तो मात्र अधिकाऱ्यांसाठी. पूजेला देवळात शिरणाऱ्या प्रांताधिकाऱ्याला पंधरा रोमन पौंड, म्हणजे जवळपास पाच किलो सोनं. आणि त्याला विरोध करून लगेच कळवलं नाही तर तेवढंच त्याच्या कचेरीला. सम्राटाला कारभारी हाताशी हवे होते, हे या रचनेत उघड दिसतं. आदल्या वर्षी त्याच्या सैनिकांनी थेस्सलोनिकात केलेल्या कत्तलीबद्दल मिलानच्या बिशपने थिओडोशियसला प्रायश्चित्त घ्यायला लावलं होतं. हे हुकूम त्याचंच फळ, असं काही इतिहासकार मानतात, काही मानत नाहीत. जूनमध्ये असाच हुकूम इजिप्तच्या अधिकाऱ्यांना गेला.

अलेक्झांड्रियात त्या सुमारास काय झालं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तिथल्या बिशपने एक जुनी इमारत चर्चसाठी मिळवली. खोदकामात गुप्त पूजेच्या वस्तू निघाल्या, त्या त्याने टिंगल करत शहरभर मिरवल्या. दंगल उसळली, दोन्हीकडचे लोक मेले. जुन्या देवांना मानणारे टेकडीवरच्या सेरापिस देवाच्या प्रचंड देवालयात शिरून बसले. पकडलेल्या ख्रिस्त्यांना त्यांनी तिथे बळी द्यायला भाग पाडलं, नकार देणाऱ्यांचे हाल करून जीव घेतले. प्रकरण सम्राटाकडे गेलं. उत्तर आलं: मेलेले ख्रिस्ती हुतात्मे आहेत, मारणाऱ्यांना माफी, पण या तंट्याचं मूळ असलेली पूजाच उखडा. आत बसलेले पळाले. सेरापिसच्या मूर्तीला हात लावला तर पृथ्वी दुभंगेल अशी समजूत होती. एका शिपायाने कुऱ्हाड घेऊन मूर्तीच्या जबड्यावर घाव घातला. काही झालं नाही. मग तुकडे करून ते शहरात ओढत नेले आणि धड अँफिथिएटरमध्ये जाळलं. त्या वर्षी नाईलला पूर येणार नाही अशी भीती शहरात होती. पण पूर भरपूर आला, असं ख्रिस्ती इतिहासकार समाधानाने लिहितो. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय या वेळी जळलं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण हा प्रसंग सांगणारे त्या काळाजवळचे लेखक ग्रंथांच्या जाळपोळीबद्दल काही लिहीत नाहीत.

८ नोव्हेंबर ३९२ चा हुकूम या सगळ्याचा कळस. तो देवळाबाहेर पडून घरात शिरला. गृहदेवतेपुढे दिवा लावणं, धूप जाळणं, माळा वाहणं, मद्याचा नैवेद्य दाखवणं, झाडाला फीत बांधणं, हिरवळीच्या ढेकळांची वेदी रचणं, सगळं गुन्हा ठरलं. ज्या घरात धूप जळाला ते घर जप्त; दुसऱ्याच्या जागेत मालकाला नकळत बळी दिला तर देणाऱ्याला पंचवीस पौंड सोनं दंड. बळी द्यायला मनाई हा जुना वाद होता. देव्हाऱ्यापुढची वात विझवायला निघालेलं सरकार ही नवी गोष्ट होती, आणि माझ्या लेखी या काळातला सगळ्यात अन्यायी हुकूम हाच.

अंमल मात्र सगळीकडे सारखा झाला नाही. ३९४ च्या सप्टेंबरमध्ये फ्रिगिडस नदीकाठी थिओडोशियसने पश्चिमेची गादी बळकावलेल्या सम्राटाचा पराभव केला. त्या बळकावणाऱ्याच्या बाजूला जुन्या देवांना मानणारे सरदार होते, म्हणून ती लढाई दोन धर्मांची म्हणून रंगवली गेली. पण तो बळकावणारा स्वतः ख्रिस्तीच होता. त्याच साली ऑगस्टमध्ये इजिप्तच्या दक्षिण टोकाला फिली बेटावर पुजारी भिंतीवर चित्रलिपीत लेख कोरत होते. ३९९ मध्ये एक हुकूम खेड्यांतली देवळं दंगा न होता पाडा म्हणतो, तर त्याच वर्षीचा दुसरा सार्वजनिक इमारतींची शोभा राखा म्हणतो. ४२३ चा हुकूम सांगतो की जुन्या धर्माचे लोक आता कोणी उरले नसावेत असं आम्हाला वाटतं, आणि बारा वर्षांनी पुन्हा उरलीसुरली देवळं पाडण्याचा हुकूम निघतो.

फिलीच्या इसिस देवीची पूजा मात्र त्यानंतर शंभर वर्षं राहिली. दक्षिणेच्या टोळ्यांशी तह झाला होता आणि ही पूजा त्यांना हवी होती, म्हणून सीमा शांत ठेवण्यासाठी सरकारने ती चालू दिली. सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात, सीमेवरच्या सेनापतीने ते देवस्थान मोडलं, पुजाऱ्यांना कैद केलं आणि मूर्ती कॉन्स्टंटिनोपलला धाडल्या.