परकीय चलनातला भाव बदलून मागणं (आयात व्यापार)

परदेशी सप्लायरने डॉलर, युरो किंवा येनमध्ये कोटेशन दिलं आणि त्यानंतर विनिमय दर एकदम हलला, म्हणून आयात करणारा त्याच सप्लायरला भाव सुधारून द्यायची विनंती करतो, त्या व्यवहाराबद्दलची ही नोंद आहे. पुणे-चाकण-भोसरीकडचे मशीनचे सुटे भाग आणणारे, इचलकरंजीत माग आणणारे, मुंबईतले केमिकलवाले, सगळ्यांकडे ही वेळ कधी ना कधी येते. बहुतेक जण फक्त "रुपया पडलाय, भाव कमी करा" असा मेल टाकतात आणि नकार आला की सोडून देतात. पण नकार येणार की नाही हे बरंचसं एका प्रश्नावर ठरतं: दर हलल्यामुळे सप्लायरच्या खिशात काही जास्तीचं पडलंय का?

म्हणजे यात दोन नाही, तीन चलनं बघायची असतात. आपला रुपया, कोटेशनचं चलन आणि सप्लायर ज्यात पगार आणि वीजबिल भरतो ते चलन. जर्मन कंपनीने युरोत कोट केलंय आणि रुपया पडलाय, तर तिला पूर्वीइतकेच युरो मिळणार, तिला एक पैशाचाही फायदा झालेला नाही. २०१३ च्या मे ते ऑगस्टमध्ये डॉलर साधारण ५४-५५ रुपयांवरून ६८ च्या वर गेला तेव्हा असे हजारो मेल गेले असणार, पण त्या वेळी कमजोर झाला होता मुख्यतः आपला (आणि आपल्यासारख्या काही देशांचा) पैसा, त्यामुळे युरोपातल्या सप्लायरकडे वाटून द्यायला काही नव्हतंच. अशा वेळी दर कमी करा म्हणण्यापेक्षा ३० दिवसांची उधारी ९० दिवसांची करून घेणं किंवा ऑर्डरचा लॉट लहान करणं जास्त जमतं.

उलट २०२२ मध्ये जपानबाबत जे झालं ते या विषयातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. मार्चच्या सुरुवातीला डॉलर साधारण ११५ येन होता, ऑक्टोबरच्या सुरुवातीला १४५ च्या आसपास. त्याच काळात डॉलर आपल्याकडे ७६ वरून ८२ रुपयांवर गेला. जे जपानी सप्लायर भारताला डॉलरमध्ये कोट करत होते त्यांना त्याच मालाचे येन खूप जास्त मिळायला लागले, आणि आपल्याकडचा माणूस मात्र जास्त रुपये मोजत होता. (ज्यांचं कोटेशन येनमध्येच होतं त्यांना आपोआप फायदा झाला, कारण येन ६६ पैशांवरून साडेछप्पन पैशांच्या आसपास आला, त्यांनी काही मागायची गरजच नव्हती.)

आकडे मांडून बघू. धरा की भोसरीतला एक कारखाना ५,००० डॉलरचं एक, अशी चार रोटरी टेबलं मागवतोय, म्हणजे एकूण २०,००० डॉलर. कोटेशन मार्चचं आहे. तेव्हा सप्लायरच्या हिशेबात ही रक्कम २३ लाख येन होती आणि आपल्या हिशेबात १५ लाख २० हजार रुपये. ऑक्टोबरमध्ये तोच भाव ठेवला तर सप्लायरला २९ लाख येन मिळतात, ६ लाख जास्त, आणि आपल्याला १६ लाख ४० हजार रुपये पडतात, सव्वा लाखाच्या आसपास जास्त. आता इथे उतावीळपणा करून "१४५ ने भागा, १५,८६२ डॉलर होतात, तेवढेच देऊ" असं म्हणणं चुकीचं आहे, आणि समोरचा लगेच दाखवून देईल की त्याचं स्टील, तेल, वीज, सगळं बाहेरून डॉलरमध्ये येतं. ते खरंही होतं, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जपानमधले घाऊक भाव वर्षभरापूर्वीपेक्षा ९ टक्क्यांहून जास्त चढलेले होते.

म्हणून त्याचा वाटा आधी आपणच बाजूला काढून द्यायचा. समजा त्याच्या भावातला ३० टक्के भाग आयात मालाचा आहे, म्हणजे ६,००० डॉलर. हा भाग पूर्वी त्याला ६ लाख ९० हजार येनला पडायचा, आता ८ लाख ७० हजारांना पडतो, म्हणजे खर्च १ लाख ८० हजारांनी वाढला. सहा लाखांतून हे वजा केलं की ४ लाख २० हजार येन खरा जास्तीचा फायदा उरतो. त्यातला अर्धा, २ लाख १० हजार येन, म्हणजे १४५ च्या दराने साधारण १,४५० डॉलर, आपण मागतो. नवा भाव १८,५५० डॉलर, सव्वासात टक्के कमी. ८२ च्या दराने हे १५ लाख २१ हजार रुपये होतात, म्हणजे आपण जवळपास मार्चच्या जागी परत आलो आणि सप्लायरकडे सगळं जाऊन मार्चपेक्षा २ लाख १० हजार येन जास्त राहिले. असं कागदावर दाखवलं की समोरच्याला ती भीक मागितल्यासारखी वाटत नाही. ३० टक्के हा आकडा अंदाजाचा आहे हे मेलमध्ये उघड लिहावं आणि चूक असेल तर तुम्ही खरा आकडा सांगा म्हणावं, बहुतेक वेळा बोलणं तिथूनच सुरू होतं.

जपानी कंपनीत समोरचा सेल्सवाला स्वतः भाव बदलू शकत नाही. त्याला आत एक प्रस्तावाचा कागद फिरवावा लागतो, त्याला तिकडे रिंगी म्हणतात, आणि त्यावर एकेका साहेबाचा शिक्का लागत जातो. त्यामुळे आपला मेल असा पाहिजे की त्याने तो उचलून त्या कागदात टाकावा. कोटेशनचा नंबर आणि तारीख, त्या दिवसाचा डॉलर-येन दर, आजचा दर, दर कुठून घेतला ते, वरचा हिशेब आणि मागणी एका ओळीत: "या ऑर्डरपुरता आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी एका टेबलाचा भाव ४,६३७.५० डॉलर करावा." बऱ्याच जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आतल्या हिशेबासाठी एक ठरलेला दर वर्षाला किंवा सहामाहीला धरला जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्च किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केलेली मागणी पुढच्या सहामाहीच्या भावात बसवता येते. अधल्यामधल्या महिन्यात केलेली मागणी नुसती टेबलावर पडून राहायची शक्यता जास्त.

सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर म्हणजे आम्ही डॉलर आधीच फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेसाठी आजच दर ठरवून, विकून ठेवलेत. हे खरं असू शकतं. त्याने मार्चमध्येच सहा महिन्यांनंतरचे डॉलर साधारण ११५ च्या दराने बँकेला विकले असतील तर १४५ चा फायदा त्याला मिळालेलाच नाही. पण फॉरवर्ड कायमचा नसतो, तो संपला की पुढचे डॉलर नव्या दराने विकले जातात, म्हणून वाद घालत बसू नये, "तुमचं कव्हर कुठल्या महिन्यापर्यंत आहे आणि त्यानंतरच्या शिपमेंटला नवा भाव चालेल का" एवढं विचारावं. ज्याचं उत्तर खरं असतं तो महिना सांगतो. जो महिना सांगत नाही आणि कारणं बदलत राहतो त्याच्याकडून बहुधा काही मिळणार नाही, तिथे दुसऱ्या जपानी मेकचं ताजं कोटेशन हातात ठेवणंच उपयोगी पडतं.

मागणी कुठल्या टप्प्यावर केली यावरही खूप अवलंबून असतं. कोटेशनची मुदत बहुतेक वेळा ३० ते ९० दिवस असते आणि ती संपल्यावर सप्लायर "सेम प्राइस" म्हणून जुनाच भाव पुढे चालू ठेवतो, ही सगळ्यात चांगली वेळ, कारण दोघंही अजून बांधलेले नाहीत. पीओ, म्हणजे आपली खरेदीची ऑर्डर, गेली आणि ऑर्डर कन्फर्मेशन आलं की भाव पक्का झाला, मग ती फक्त विनंती असते, हक्क नाही. आपल्याकडेही नुसता खर्च वाढला म्हणून करार सुटत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९६० च्या अलोपी प्रसाद खटल्यात सांगून ठेवलंय. हाताबाहेरच्या संकटात करारातून सूट देणाऱ्या फोर्स मेजरच्या कलमात विनिमय दर घुसवायचा प्रयत्न काही जण करतात, त्यातून संबंध तेवढे बिघडतात.

एलसी, म्हणजे सप्लायरला पैसे मिळतील अशी बँकेची हमी, उघडली असेल तर अजून एक पायरी वाढते. नवा कमी भाव लागू करायला एलसीत दुरुस्ती करावी लागते, ती सप्लायरने मान्य केल्याशिवाय लागू होत नाही आणि तिचा बँक चार्ज कोण भरणार हे आधीच ठरवलेलं बरं. एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम असलेल्या यूसीपी ६०० च्या कलम ३० मध्ये एलसीच्या रकमेपेक्षा ५ टक्क्यांपर्यंत कमी रक्कम उचलायची सूट आहे खरी, पण माल पूर्ण पाठवलेला पाहिजे आणि एलसीत नगाचा भाव लिहिला असेल तर तो कमी झालेला नको, म्हणजे आपल्या उदाहरणात ती सूट कामाची नाही. आपण स्वतः डॉलरचा फॉरवर्ड घेतला असेल तर बँकेला कमी रक्कम कळवावी लागते, रद्द केलेल्या भागावर फायदा किंवा तोटा निघतो, आणि तो या हिशेबात धरला नाही तर वाचलेले पैसे चुकीचे दिसतात.

ज्यांच्याकडे वर्षभर नियमित माल येतो त्यांनी दर वेळी विनंती करत बसण्यापेक्षा करारातच कलम घालावं असं माझं मत आहे. बेस दर लिहायचा, म्हणजे एक डॉलर बरोबर इतके येन, तो कुठून घ्यायचा ते लिहायचं, आणि महिन्याची सरासरी ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलली तर ५ टक्क्यांच्या वर जो फरक असेल त्याचा अर्धा भाग भावात घ्यायचा, दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं. २०२४ च्या जुलैमध्ये डॉलर १६१ येनच्या वर होता आणि सप्टेंबरच्या मध्यात १४० च्या आसपास आला, ज्यांनी १६० च्या दरावर सूट घेतली होती त्यांना सप्लायरचा उलटा मेल यायला दोन महिनेसुद्धा लागले नसतील, आणि तेव्हा नाही म्हणायला तोंड राहत नाही.

राहिला कागदाचा भाग. सूट मिळाली तर ती माल निघायच्या आधी इन्व्हॉइसमध्येच आली पाहिजे, जुनी इन्व्हॉइस पाठवून नंतर क्रेडिट नोट देतो हे शक्यतो मान्य करू नये. कस्टम्स ड्युटी बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सकडे भरलेल्या कागदात, दाखवलेल्या किमतीवर लागते, नंतर आलेल्या क्रेडिट नोटवर भरलेली ड्युटी परत मिळवणं फार कठीण जातं, शिवाय बँका आयातीचे पैसे आणि माल जुळवून बघतात त्या आयडीपीएमएसमध्ये बिल ऑफ एंट्री २०,००० ची आणि पैसे गेले १८,५५० असं दिसलं की ती एंट्री उघडीच राहते आणि बँक खुलासा मागत बसते. आणि त्याच सप्लायरच्या मागच्या मालापेक्षा किंमत कमी दिसली म्हणून कस्टम्सने विचारलं तर दाखवायला सुधारित कोटेशन, सप्लायरचा होकाराचा मेल आणि दराचा हिशेब हे तिन्ही सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडे, माल बंदरावर यायच्या आधी दिलेले असावेत.