कनेक्टिंग फ्लाइट चुकली, ग्राउंड स्टाफने सांभाळून घेतलं: एअरलाइनला कौतुकाचं पत्र कसं पाठवायचं, कोण पाठवू शकतं आणि काय काय लागतं

आमची कनेक्टिंग फ्लाइट अकरा मिनिटांनी चुकली. मी, नवरा, दोन मुलं (९ आणि ४ वर्षं) आणि व्हीलचेअरवर सासूबाई. ट्रान्सफर डेस्कवरच्या एका मुलीने आणि नंतर गेटवरच्या एका माणसाने तीन तासांत सगळं मार्गी लावलं आणि आम्ही पाचही जण त्याच रात्री पोचलो. घरी आल्यावर मी लगेच एअरलाइनच्या साइटवर लिहून टाकलं की "तुमचा स्टाफ फार चांगला आहे, खूप खूप धन्यवाद". चार दिवसांनी उत्तर आलं की कृपया तारीख, फ्लाइट नंबर आणि कुठल्या डेस्कवर मदत मिळाली ते कळवा, म्हणजे आम्हाला संबंधितांपर्यंत पोचवता येईल. म्हणजे माझं पहिलं पत्र कोणाच्याच नावावर लागलं नव्हतं! माझी एक मैत्रीण बरीच वर्षं चेक-इन काउंटरवर होती, तिला विचारून मग दुसरं पत्र नीट लिहिलं, तीच प्रोसेस इथे देतेय.

आधी पात्रता, म्हणजे कोण पाठवू शकतं. ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो, किंवा त्याच बुकिंगमधला कुठलाही मोठा प्रवासी. एका कुटुंबाचं एकच पत्र पुरतं, पाच जणांनी पाच फॉर्म भरले तर पाच वेगवेगळे केस नंबर तयार होतात आणि गोंधळच होतो. दुसऱ्याच्या वतीने लिहिताय, म्हणजे समजा आईवडील एकटे प्रवास करत होते आणि लिहिणारे तुम्ही, तर पहिल्याच ओळीत तसं सांगा आणि त्यांची परवानगी आहे हेही लिहा, कारण प्रवाशाशिवाय दुसऱ्या कोणाशी बुकिंगबद्दल बोलायला एअरलाइन सहसा तयार नसते. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी पत्र मात्र एअरलाइनलाच जातं, एजंटला पाठवून उपयोग नाही.

आता कुठल्या एअरलाइनला, इथे बरेच जण चुकतात. तिकिटावर एका कंपनीचा फ्लाइट नंबर असतो आणि विमान उडवते दुसरीच, ते कोडशेअर प्रकरण. तिकिटावर बारीक अक्षरात विमान प्रत्यक्षात कोण चालवतंय ते लिहिलेलं असतं, ते बघा, आणि तुम्हाला मदत करणारा डेस्क कोणाचा होता तेही आठवा. पत्र त्या डेस्कवाल्यांना पाठवायचं. पुढची गंमत म्हणजे डेस्कवरची माणसं पुष्कळदा एअरलाइनची नसतातच. बाहेरच्या विमानतळांवर एअरलाइन हे काम ग्राउंड हँडलिंग कंपनीला देते, अंगावर युनिफॉर्म एअरलाइनचा असू शकतो पण गळ्यातल्या ओळखपत्रावर कंपनी वेगळी असते. असं असेल तर एअरलाइनच्या पत्रात एक ओळ टाकायची, "कृपया हे त्या विमानतळावरच्या तुमच्या स्टेशन मॅनेजरपर्यंत आणि हँडलिंग कंपनीपर्यंत पोचवा", आणि तेच पत्र हँडलिंग कंपनीच्या साइटवरच्या संपर्क फॉर्ममध्येही टाकायचं. मैत्रीण म्हणाली की तिच्या वेळी अशी अर्धी पत्रं एअरलाइनच्या हेड ऑफिसमध्येच फिरत राहायची, डेस्कवर कोणाला पत्ताच नसायचा.

कागदपत्रं म्हटलं तर फार नाहीत, पण बॅगा उघडायच्या आधी गोळा करा, कारण कपड्यांबरोबर बोर्डिंग पासचे तुकडेही कचऱ्यात जातात. पीएनआर, म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचा बुकिंग कोड. ई-तिकीट नंबर, तो १३ आकडी असतो. जुना आणि नवीन असे दोन्ही बोर्डिंग पास, कारण त्यावरूनच दिसतं की कुठली फ्लाइट चुकली आणि कुठल्या फ्लाइटवर टाकलं. बॅगेची मदत झाली असेल तर बॅग टॅगची पावती, त्यावर १० आकडी नंबर असतो. पासपोर्टची कॉपी लागत नाही, कौतुकाच्या पत्रासाठी कोणी मागितली तर मी तरी देणार नाही. आणि प्लीज, बोर्डिंग पासचा फोटो सोशल मीडियावर टाकून एअरलाइनला टॅग करू नका, आडनाव आणि पीएनआर एवढ्यावर बहुतेक साइटवर बुकिंग उघडतं, आणि वरचं नाव झाकलं तरी बारकोडमध्ये दोन्ही असतात. परतीचा प्रवास बाकी असेल तर कोणीही उपटसुंभ त्यात शिरू शकतो. स्टाफचाही फोटो न विचारता टाकू नका.

माणसाचं नाव आठवत नसेल तर? आम्हाला डेस्कवरच्या मुलीचं पहिलं नाव बॅजवर वाचलेलं आठवत होतं, गेटवरच्याचं अजिबात नाही. नाव नसलं तरी चालतं, पण मग ठिकाण आणि वेळ नेमकी द्यायला लागते, "ट्रान्सफर डेस्क, दुपारी पावणेचार ते सव्वासहा" एवढं लिहिलं की ड्युटी रोस्टरवरून माणूस शोधता येतो. वेळ आठवत नसेल तर फोन बघा, त्या गडबडीत केलेले कॉल आणि मेसेज असतातच. म्हणूनच दोन-चार दिवसांत पाठवा, महिन्याने लिहायला बसलं की "दुपारी कधीतरी" होतं.

फॉर्ममध्ये प्रकार निवडायला देतात, तिथे तक्रार न निवडता कौतुक किंवा कॉम्प्लिमेंट निवडायचं. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, हॉटेल-जेवणाचा खर्च मागायचा असेल, नुकसानभरपाई हवी असेल किंवा पहिली फ्लाइट लेट झाल्याचा राग काढायचा असेल तर त्याची केस वेगळी करा. दोन्ही एका पत्रात घातलं की ते भरपाईच्या टीमकडे जातं, ते पैशाचं बघतात आणि कौतुकाची ओळ तिथेच मरते.

मजकुरात काय लिहायचं हे कळायला आमचं काय झालं ते सांगते. पहिलं विमान दुपारी २:१० ला उतरायचं होतं, उतरलं ३:०५ ला. पुढचं ३:४० चं, गेट बंद ३:२०. व्हीलचेअर यायला वेळ लागला, आम्ही गेटवर ३:३१ ला. सासूबाईंचं तिकीट मागाहून काढलेलं, त्यामुळे त्यांचा पीएनआर वेगळा, आणि सिस्टिमला काय माहीत ही एकच फॅमिली आहे! आम्हा चौघांना संध्याकाळी ६:५० च्या फ्लाइटवर टाकलं आणि सासूबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी, एकट्या. ६:५० चं विमान फुल दाखवत होतं. डेस्कवरच्या मुलीने आधी त्यांच्या बुकिंगवर शेरा टाकला की या आमच्याबरोबर आहेत, मग त्यांना ६:५० च्या वेटिंगवर घेतलं, मग नवीन फ्लाइटवर व्हीलचेअरची रिक्वेस्ट परत घातली (फ्लाइट बदलली की ती दरवेळी आपोआप येईलच असं नाही, हे मला तेव्हाच कळलं), आणि बॅगेज विभागाला फोन करून पाचही बॅगा कुठल्या फ्लाइटला लावायच्या ते सांगितलं. ६:१५ ला कोणीतरी न आल्यामुळे सीट सुटली, ती सासूबाईंना मिळाली. गेटवरच्या माणसाने धाकट्याची सीट आमच्यापासून सात रांगा लांब होती ती बदलून माझ्या शेजारी आणली.

यातल्या कृती लिहायच्या, विशेषणं नाही. "खूप प्रेमळ, खूप मदतशील" यातून सुपरवायझरला काही दिसत नाही, "वेगळा पीएनआर जोडून घेतला, व्हीलचेअर परत टाकली" यातून दिसतं.

पण एक सांभाळायचं. कधीकधी स्टाफ नियम थोडा वाकवतो, जास्तीच्या वजनाचे पैसे सोडतो, तिकीट बदलाचा चार्ज लावत नाही. तुमची दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, एकाच प्रवासाची नसतील, तर पुढची फ्लाइट देणं सहसा त्यांच्यावर बंधनकारकही नसतं, तरी कोणी देतं. अशा वेळी कृतज्ञतेच्या भरात "एक पैसा घेतला नाही हो त्यांनी" असं लेखी दिलंत तर त्या बिचाऱ्याला खुलासा द्यायला लागू शकतो. मैत्रिणीच्या एका सहकाऱ्याला असंच कौतुकाच्या पत्रावरून ऑफिसात बोलावलं होतं. मीही पहिल्या ड्राफ्टमध्ये अशी एक ओळ लिहिली होती, तिने ती खोडायला लावली. पैशाचं काही लिहूच नका, "आमची अडचण समजून घेऊन मार्ग काढला" एवढं पुरे.

शेवटी मी पाठवलेलं पत्र साधारण असं होतं, वर पीएनआर दोन्ही, फ्लाइट नंबर, तारीख, आणि खाली:

"पहिलं विमान उशिरा उतरल्यामुळे आमची पुढची फ्लाइट चुकली. आम्ही पाच जण होतो, त्यात व्हीलचेअरवरच्या ज्येष्ठ प्रवासी आणि ४ वर्षांचं मूल. दोन बुकिंग वेगळी असल्यामुळे ज्येष्ठ प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइटवर एकट्या गेल्या असत्या. ट्रान्सफर डेस्कवरच्या (पहिलं नाव) यांनी दुपारी ३:४५ पासून दोन्ही बुकिंगवर नोंद करून त्यांना आमच्या फ्लाइटच्या वेटिंगवर घेतलं, व्हीलचेअरची विनंती पुन्हा टाकली आणि बॅगांची खात्री केली. ६:२० च्या सुमारास गेटवरच्या सहकाऱ्यांनी लहान मुलाची सीट आईशेजारी दिली. त्यांचं नाव आम्हाला माहीत नाही, कृपया रोस्टरवरून बघावं. हे पत्र दोघांच्या सुपरवायझरपर्यंत पोचवावं ही विनंती."

एवढंच. बऱ्याच फॉर्ममध्ये अक्षरमर्यादा असते, त्यामुळे आधी वेगळीकडे टाइप करा आणि मग चिकटवा, माझं एकदा शेवटच्या ओळीवर पान रिफ्रेश झालं आणि सगळं गेलं. भाषा ती वापरा जी साइटवर आहे, मी वरचं इंग्रजीतूनच पाठवलं, साध्या वाक्यांत.

पाठवल्यावर केस नंबर येतो, तो जपून ठेवा. काही राहिलं असेल, नाव नंतर आठवलं, तर नवीन फॉर्म न भरता त्याच मेलला रिप्लाय करायचा, केस नंबर विषयात ठेवून. उत्तर बहुधा ठराविक साच्यातलं येतं, आणि त्या माणसाला बक्षीस मिळालं का, बढती मिळाली का हे ते सांगत नाहीत, कर्मचाऱ्याची माहिती आहे ती. मला आलेल्या दुसऱ्या उत्तरात मात्र "गेटवरचे सहकारी सापडले, दोघांच्याही फाइलला पत्र लावलं आहे" अशी एक ओळ होती. सासूबाईंनी ती मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली.