स्पॅनिश रक्ततपासणी अहवालाचे वाचन

स्पेनमध्ये रक्ततपासणीला सर्रास ‘अनालितिका’ म्हणतात. तिच्या अहवालात प्रत्येक ओळीवर तपासणीचे नाव, आढळलेला आकडा, त्याचे एकक आणि निरोगी व्यक्तींमध्ये अपेक्षित असलेली मर्यादा दिलेली असते. या मर्यादेच्या रकान्यावर ‘बालोरेस दे रेफेरेन्सिया’ म्हणजे संदर्भमूल्ये असे शीर्षक असते आणि मर्यादेबाहेरच्या आकड्याशेजारी बहुधा तारांकन छापतात.

भारतीय अहवालांची सवय असलेल्या वाचकाची फसगत प्रामुख्याने अक्षरे आणि विरामचिन्हे यांत होते. मर्यादेपुढील H म्हणजे ‘वाढलेले’ नव्हे, तर ‘ओम्ब्रे’ अर्थात पुरुष. M म्हणजे ‘मुखेर’ अर्थात स्त्री. PCR या नावाखाली बहुधा सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे प्रथिन, मोजलेले असते. स्पेनमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे 10,8 म्हणजे दहा पूर्णांक आठ दशांश, उलट 250.000 मधील टिंब हजार दाखवते, म्हणून प्लेटलेट म्हणजे ‘प्लाकेतास’ यांच्यापुढील हा आकडा अडीच लाखांचा होय. मेक्सिकोत मात्र दशांशासाठी टिंबच रूढ आहे.

रक्तपेशींच्या मोजणीला ‘एमोग्रामा’ म्हणतात. उच्चारात नसलेला ‘ह’ स्पॅनिश लेखनात असतो, त्यामुळे हा शब्द आणि तांबड्या पेशींसाठीचा ‘एमातिएस’ हे दोन्ही अहवालात H खाली शोधावे लागतात. पांढऱ्या पेशींना ‘लेउकोसितोस’ म्हणतात, तर VCM म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, जे भारतात एमसीव्ही म्हणून छापले जाते.

उदाहरणादाखल एका स्त्रीच्या अहवालातील पुढील ओळी घेऊ:

```
Hemoglobina  * 10,8 g/dL   (12,0 - 16,0)
VCM          * 72 fL       (80 - 100)
Ferritina    * 6 ng/mL     (15 - 150)
```

येथे हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणजे रक्तक्षय आहे. पेशी लहान आहेत आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही फार उतरलेले आहे, म्हणून कारण लोहाची कमतरता हेच ठरते. फेरिटिन पुरेसे असूनही पेशी लहान असतील आणि ‘एमातिएस’ची संख्या चढी असेल, तर थॅलेसेमियाच्या वाहकतेचा विचार करावा लागतो, भारतीय वंशाच्या रुग्णांत ही शक्यता डॉक्टरांच्या नजरेस आणून देणे इष्ट आहे. शरीरात दाह असताना फेरिटिन स्वतःच वाढते आणि लोहाची उणीव झाकली जाते, म्हणून ते PCR सोबत वाचतात. PCR चे एकक काही प्रयोगशाळा mg/L, तर काही mg/dL देतात. 5 mg/L आणि 0,5 mg/dL हे एकच मूल्य असल्याने, एकक न पाहता दोन अहवालांची तुलना केल्यास दसपट वाढ किंवा घट झाल्याचा भास होतो.

संदर्भमूल्ये साधारणतः निरोगी व्यक्तींपैकी 95 टक्के जणांना सामावून घेतील अशी ठरवतात. म्हणून मर्यादेला जेमतेम ओलांडणारे एकटे तारांकन निरोगी माणसाच्या अहवालातही येऊ शकते, आणि ही मर्यादा प्रयोगशाळेगणिक थोडी बदलत असल्याने आकडा त्याच कागदावरील मर्यादेशी ताडून पाहावा लागतो.