डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज नेमकं कधीपासूनचं?

पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर १८.० असा आकडा दिसतो आणि आपण म्हणतो, गाडी अठराचं अ‍ॅव्हरेज देते. पण हा आकडा म्हणजे एक साधा भागाकार असतो: शेवटचं रीसेट केल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, भागिले तेवढ्यात किती लिटर पेट्रोल जळलं. रीसेट कधी केलं होतं हे ठाऊक नसेल, तर अठरा या आकड्यावरून फारसं काही कळत नाही.

यातलं अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजलं जातं. पेट्रोल मात्र टाकीत मोजत नाहीत. इंजिनचा संगणक इंजेक्टरला प्रत्येक वेळी किती मिलिसेकंद उघडं राहायचं ते सांगतो. त्या वेळांची बेरीज करून किती इंधन गेलं असेल याचा हिशेब तो मांडतो. म्हणजे हा अंदाजच असतो, पण चांगला अंदाज असतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी गिअरमध्येच उताराला सोडली की इंजेक्टर बंद होतात आणि तात्कालिक अ‍ॅव्हरेजचा पट्टा टोकाला जाऊन भिडतो. सिग्नलला उभं राहिल्यावर तोच पट्टा शून्यावर येतो, कारण अंतर वाढत नाही आणि पेट्रोल मात्र जळत असतं. छोट्या पेट्रोल इंजिनला नुसतं चालू राहायला तासाला साधारण पाऊण लिटर लागतं, एसी लावला तर त्याहून जास्त. हा पट्टा गाडी चालवण्याची सवय सुधारायला उपयोगी आहे, तुलनेसाठी तो धरू नये.

आता रीसेटचं पाहू. समजा, रीसेट केल्यावर हायवेला ४०० किलोमीटर झाले आणि आकडा १८ आहे. म्हणजे २२.२ लिटर पेट्रोल गेलं. त्यानंतर शहरातल्या गर्दीत ४० किलोमीटर १२ च्या अ‍ॅव्हरेजने गेले, त्यात ३.३ लिटर गेलं. एकूण झाले ४४० किलोमीटर आणि २५.५ लिटर, आणि स्क्रीनवर दिसतात १७.२. प्रत्यक्षात शहरात गाडीचं अ‍ॅव्हरेज एक तृतीयांशाने पडलेलं असतं, पण जुन्या ४०० किलोमीटरच्या ओझ्याखाली ते झाकून जातं. उलट, रीसेट करून लगेच दोन-तीन किलोमीटरवर आकडा पाहिला तर एखाद्या उड्डाणपुलाचा चढसुद्धा त्याला दोन-तीनने खाली आणतो. त्यातून इंजिन थंड असेल तर तो आणखीच वाईट दिसतो.

म्हणून दोन ट्रिप मीटर दोन कामांना लावावेत. ट्रिप ए फक्त टाकी फुल केल्यावर शून्य करायचा, मध्ये त्याला हात लावायचा नाही. ट्रिप बी प्रयोगासाठी ठेवायचा. बऱ्याच गाड्यांत हवा तो ट्रिप स्क्रीनवर आणून बटण किंवा स्टीअरिंगजवळच्या दांडीचं टोक एक-दोन सेकंद दाबून धरलं की तो शून्य होतो. हे काम गाडी उभी असताना करावं किंवा शेजारी बसलेल्याला सांगावं. त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. काही मॉडेलमध्ये अ‍ॅव्हरेज फक्त ट्रिप ए ला जोडलेलं असतं आणि ट्रिप बी नुसतं अंतर दाखवतो. बी शून्य केल्यावर अ‍ॅव्हरेजच्या जागी रेघा आल्या, तर त्याचं अ‍ॅव्हरेज वेगळं आहे. जुनाच आकडा राहिला, तर नाही. काही गाड्यांत पेट्रोल भरल्यावर किंवा इंजिन काही तास बंद राहिल्यावर अ‍ॅव्हरेज आपोआप शून्य होतं. सेटिंगमध्ये तो पर्याय असेल तर ‘मॅन्युअल’ करून ठेवावा, नाहीतर सगळ्या नोंदी वाया जातात.

तुलना कशी बिघडते याचं चांगलं उदाहरण म्हणजे मुंबई–पुणे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. माणसांसकट १३०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला जी ऊर्जा लागते, तिच्यासाठी इंजिनची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर सुमारे पाऊण लिटर पेट्रोल जादा जळतं. सपाट रस्त्यावर १५० किलोमीटरला ८.२५ लिटर घेणारी गाडी मुंबईहून पुण्याला जाताना ९ लिटर घेईल, म्हणजे १६.७ चं अ‍ॅव्हरेज. परतताना उतारात सगळं पाऊण लिटर वसूल होत नाही, कारण काही ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. ७.८ लिटर लागले असं धरू, म्हणजे १९.२. जाताना टायरमध्ये हवा कमी होती आणि येताना ती नीट भरली, असा ‘प्रयोग’ कुणी केला तर हवेमुळे अडीच किलोमीटर वाढले असंच त्याला वाटेल. खरं तर ते घाटामुळे वाढले.

म्हणून एका रीसेटमध्ये जाणं आणि येणं दोन्ही धरावं. वर दिलेल्या आकड्यांत ३०० किलोमीटर भागिले १६.८ लिटर, म्हणजे १७.९. मग पुढच्या फेरीत एकच गोष्ट बदलावी आणि तोच रस्ता, साधारण तीच वेळ, तेवढीच माणसं, एसीची तीच स्थिती ठेवावी. रीसेट इंजिन गरम झाल्यावर, गावाबाहेर पडताना करावं. दोन वेगळ्या फेऱ्यांची अ‍ॅव्हरेज एकत्र करायची असतील तर आकड्यांची बेरीज करून दोनाने भागू नये. १०० किलोमीटर २० ने आणि १०० किलोमीटर १० ने गेले, तर एकूण लागले ५ अधिक १० लिटर, आणि खरं अ‍ॅव्हरेज १३.३ येतं, १५ नाही. आधी लिटर काढावेत, मग भागाकार करावा. आणि दोन फेऱ्यांत अर्ध्या किलोमीटरचा फरक आला तर लगेच निष्कर्ष काढू नये, एवढा फरक वारा आणि वाहतूकही पाडतात.

स्क्रीन किती खरं सांगते हे पंपावर कळतं. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथे थांबावं, वर राउंड फिगरसाठी ढकलून भरायला सांगू नये. ट्रिप ए शून्य करावा आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच भरावं. समजा ५१२ किलोमीटर झाले आणि २९.४ लिटर बसले. खरं अ‍ॅव्हरेज १७.४. स्क्रीन १८.६ म्हणत असेल तर ती सुमारे सात टक्के जास्त दाखवते. तीन-चार टाक्यांत हे गुणोत्तर स्थिर दिसलं की स्क्रीनच्या आकड्याला ०.९४ ने गुणून घ्यावं. एकाच गाडीच्या दोन फेऱ्यांची तुलना करताना मात्र ही चूक बहुतेक दोन्हीकडे सारखीच असते, त्यामुळे ती आड येत नाही. दोन वेगळ्या गाड्यांची तुलना नुसत्या स्क्रीनवरून करणं चूक आहे, तिथे पंपाचीच नोंद हवी.

उरलेल्या पेट्रोलवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल, हा आकडा वेगळ्या वाटेने येतो. टाकीतला तरंगता फ्लोट इंधनाची पातळी सांगतो आणि तिला अलीकडच्या काही किलोमीटरच्या अ‍ॅव्हरेजने गुणलं जातं. म्हणून गर्दीतून हायवेला लागल्यावर हा आकडा वाढतानाही दिसतो. खोपोलीजवळ टाकीत ५ लिटर आहेत आणि आधीचा सपाट रस्ता १८ ने कापला, तर स्क्रीन ९० दाखवेल. पण पुढच्या दहा किलोमीटरच्या चढात गाडी ८ ने चालली तर सव्वा लिटर जातं. उरले पावणेचार लिटर आणि अलीकडचं अ‍ॅव्हरेज झालं समजा १४. आता स्क्रीनवर ५२ येतील, म्हणजे दहा किलोमीटर चालून अडतीस गेले. त्यात चढावर पेट्रोल टाकीत एका बाजूला सरकतं आणि फ्लोट चुकीची पातळी दाखवू शकतो. गाडी सपाटीवर आल्यावर थोडा वेळ थांबूनच तो आकडा वाचावा. एक-दोन लिटर भरल्यावर आकडा हलला नाही तर घाबरायचं कारण नाही, बऱ्याच गाड्यांना एवढी भर ओळखूच येत नाही. आणि इंधन फार कमी झालं की काही गाड्या आकडा काढून नुसत्या रेघा दाखवतात. त्या रेघा दिसल्या की पुढचा पंप किती दूर आहे हे नकाशावर पाहावं आणि एसी बंद करून थेट तिथेच जावं.