दुप्पट, पण कशाच्या? १९९५च्या गोळी-प्रकरणाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना एक तातडीचा इशारा दिला. डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन हे संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट होतो, असे तीन अभ्यासांतून दिसत होते. या नव्या गोळ्यांना 'तिसऱ्या पिढीच्या गोळ्या' म्हणत आणि ब्रिटनमध्ये तेव्हा सुमारे १५ लाख स्त्रिया त्या घेत होत्या. ज्या अभ्यासांच्या आधारे हा इशारा दिला गेला, ते तोपर्यंत छापूनही आले नव्हते. लोकांपर्यंत पोहोचला तो एकच शब्द, 'दुप्पट'.

हा शब्द खोटा नव्हता, हे आधीच सांगायला हवे. नंतरच्या वर्षांत डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासांतही साधारण तेवढेच गुणोत्तर आले. मग घोळ कुठे झाला? त्यासाठी हे गुणोत्तर मुळात कशासाठी तयार झाले, ते पाहावे लागते.

गुठळीसारखा आजार फार थोड्या जणींना होतो. हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे, तेव्हा कुठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण सापडतात. म्हणून संशोधक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आजार झालेल्या जणी आधी गोळा करायच्या, तशाच वयाच्या पण आजार नसलेल्या जणी त्यांच्याशेजारी ठेवायच्या आणि दोन्ही गटांत गोळी कोण घेत होते ते विचारायचे. याला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात. समजा, १०० रुग्णांपैकी ४० जणी गोळी घेत होत्या आणि १०० निरोगी स्त्रियांपैकी २५. पहिल्या गटात घेणाऱ्या व न घेणाऱ्यांचे प्रमाण ४०ला ६०, दुसऱ्या गटात २५ला ७५. पहिले प्रमाण दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट आहे. आजार विरळ असेल, तर हा आकडा धोक्याच्या गुणोत्तराच्या अगदी जवळ असतो, हे जेरोम कॉर्नफील्ड या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९५१मध्ये गणिताने दाखवून दिले. यालाच सापेक्ष धोका म्हणतात.

पण याच अभ्यासाला 'लाखात किती जणींना गुठळी होते?' असे विचारले, तर तो गप्प राहतो. रुग्ण १०० आणि निरोगी १०० ही निवड संशोधकाचीच होती. त्यावरून मूळ प्रमाण काढता येत नाही. ते दुसरीकडून, लोकसंख्येच्या नोंदींतून आणावे लागते. म्हणजे निरपेक्ष धोका, लाखात किती जणींना हा आकडा, बातमीतून गळतो याचा सगळा दोष बातमीदाराचा नसतो. अनेकदा तो अभ्यासाच्या मांडणीतच नसतो.

सापेक्ष धोका कशासाठी वापरावा यावर १९५०च्या दशकात धूम्रपानाच्या निमित्ताने मोठा वाद झाला होता. जोसेफ बर्कसन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाचे म्हणणे होते की, धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे गुणोत्तर प्रचंड दिसत असले, तरी जादा मृत्यूंची संख्या मोजली तर हृदयविकाराचे मृत्यू अधिक भरतात. कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९मध्ये दिलेले उत्तर मला आजही या विषयातले सर्वांत स्वच्छ उत्तर वाटते. कारण-संबंध खरा आहे का हे जोखायला गुणोत्तर वापरा. समाजावर त्याचा भार किती हे सांगायला दोन गटांच्या धोक्यांमधला फरक वापरा. हे भेद स्पष्ट होऊन छत्तीस वर्षे उलटली होती, तरी १९९५मध्ये पहिल्या कामाचे माप दुसऱ्या कामासाठी लोकांच्या हाती पडले.

तेव्हाचे अंदाज मांडून पाहू. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या एक लाख स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे ५ जणींना गुठळी होई. जुन्या गोळीवर हा आकडा १५ होता, नव्या गोळीवर ३०. म्हणजे जुन्या गोळीऐवजी नवी घेतल्याने लाखात १५ जणींची भर पडत होती, आणि उरलेल्या ९९ हजार ९८५ जणींच्या बाबतीत त्या वर्षी काहीच फरक पडत नव्हता. १५ लाख स्त्रियांच्या हिशेबाने जादा रुग्ण साधारण २२५ झाले असते. अशा गुठळ्यांपैकी शेकडा एक-दोन प्राणघातक ठरतात असे धरले जाई, म्हणजे वर्षाला दोन ते पाच जादा मृत्यू. हे मृत्यू नगण्य मानू नयेत. तितकेच परिणामकारक आणि कमी धोक्याचे औषध हाताशी असताना नव्या रुग्णाला ते आधी द्यावे, एवढा निष्कर्ष त्यातून रास्तपणे निघत होता.

पण त्याच यादीत आणखी एक आकडा होता. गरोदरपणात गुठळीचा धोका लाखात ६०, म्हणजे नव्या गोळीच्याही दुप्पट. चालू पाकीट पूर्ण करा, मध्येच गोळी सोडू नका, असा सल्ला दिला गेला होता. तरीही अनेकींनी ती तडकाफडकी बंद केली. इंग्लंड आणि वेल्समधले गर्भपात १९९०नंतर कमी होत चालले होते. १९९६मध्ये ते आदल्या वर्षापेक्षा सुमारे १३ हजारांनी वाढले. त्यातला प्रत्येक या इशाऱ्यामुळेच झाला असे म्हणता येणार नाही, पण एवढ्या अचानक उलटलेल्या आलेखाला दुसरे पटण्याजोगे कारण मला दिसत नाही. गुठळीच्या भीतीने गोळी सोडलेल्या कितीतरी स्त्रिया गुठळीच्या अधिक मोठ्या धोक्यात गेल्या, आणि हे 'दुप्पट' या शब्दातून कुणालाच कळणे शक्य नव्हते.

१९९९मध्ये ब्रिटनमध्ये नव्या गोळ्यांवरचे निर्बंध सैल झाले; स्त्रीला धोक्याची नीट माहिती देऊन त्या पहिल्यांदाच गोळी घेणारीलाही देता येऊ लागल्या. गुठळी झालेल्या स्त्रियांनी गोळीच्या उत्पादकांवर केलेल्या दाव्यातून प्रकरण २००२मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयासमोर आले, आणि तिथे मात्र गुणोत्तरच निर्णायक ठरले. दिवाणी दाव्यात 'नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त' एवढे सिद्ध करायचे असते. नव्या गोळीचा धोका जुनीच्या दुपटीहून जास्त असेल, तरच ती घेणाऱ्यांच्या निम्म्याहून अधिक गुठळ्या या फरकाच्या खात्यावर टाकता येतात. सगळे पुरावे ऐकून न्यायाधीशांनी सर्वांत संभाव्य आकडा १.७ धरला आणि दावा फेटाळला गेला. एका गुठळीचे कारण शोधताना हे माप योग्यच होते; गोळी घ्यावी की नाही हे ठरवणाऱ्या स्त्रीला त्याचा तसा उपयोग नव्हता.

पुढे युरोपीय औषध संस्थेने २०१३मध्ये सगळी माहिती पुन्हा तपासली आणि निष्कर्ष दहा हजारांत किती या भाषेत मांडला. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे २, लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या जुन्या गोळीवर ५ ते ७, डेसोजेस्ट्रेल वा जेस्टोडीनच्या गोळीवर ९ ते १२. गुणोत्तर अजूनही दुपटीच्या आसपासच आहे. पण जुन्या गोळीचा आकडा लाखात १५ वरून ५० ते ७० वर गेला आहे, आणि दोन गोळ्यांमधला फरक लाखात १५ वरून साधारण ४० ते ५० वर. 'दुप्पट' एवढेच ऐकणाऱ्याला १९९५ आणि २०१३मध्ये काहीच बदललेले दिसणार नाही.