देवनागरी गाण्यावर कॉर्ड नेमका कुठे बसतो?

गिटार वाजवणाऱ्यांची गाणी बहुतेक वेळा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. वरच्या ओळीत कॉर्डची नावं, खालच्या ओळीत शब्द. C हा कॉर्ड कुठल्या अक्षरावर घ्यायचा, हे त्या C च्या आधी किती स्पेस मारल्या आहेत त्यावरून कळतं. म्हणजे संगीताची माहिती मोकळ्या जागेत साठवलेली असते. फॉन्ट बदलला, मजकूर मेसेजमध्ये चिकटवला किंवा फोनच्या अरुंद स्क्रीनवर ओळ मोडली, की सगळे कॉर्ड सरकतात.

यावरचा उपाय जुना आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन लेक्लेर आणि मारिओ डोरिऑन यांनी chord नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यातून पुढे ChordPro ही लिहिण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात कॉर्ड वेगळ्या ओळीत नसतो. ज्या अक्षरावर तो वाजवायचा, त्याच्या अगदी आधी चौकटी कंसात लिहायचा. असा मजकूर कुठेही न्या, कॉर्ड आपल्या अक्षराला धरून राहतो, आणि छापताना संगणक तो उचलून शब्दांच्या वर ठेवतो. तेव्हा साध्या मजकुराचा चार्ट करायचा म्हणजे दोन ओळींची एक ओळ करायची आणि मग ती नीट मांडायची.

पहिलं काम, कुठली ओळ कॉर्डची आणि कुठली शब्दांची हे ओळखणं. इंग्रजी गाण्यात इथेच डोकेदुखी असते, कारण A हा कॉर्डही आहे आणि शब्दही, Am चंही तेच. मराठीत हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. ओळीत देवनागरी अक्षर असेल तर ते शब्द. रोमन तुकडे असतील तर प्रत्येक तुकडा या साच्यात बसतो का ते पाहायचं:

```
^[A-G][#b]?(maj|min|m|dim|aug|sus|add)?[0-9]*(/[A-G][#b]?)?$
```

Am7, Cmaj7, Gsus4, D/F# हे सगळे यात येतात. Bm7b5 किंवा G7sus4 सुटतात, आपल्या गाण्यात ते असतील तर साचा वाढवावा लागतो.

खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे. इंग्रजीत सोपी असलेली ही पायरी आपल्याकडे अवघड होऊन बसते. एक ओळ घेऊ. समजा ती अशा ठिकाणी टाइप केली आहे जिथे प्रत्येक अक्षराला, जोडाक्षर असलं तरी, एकच रकाना मिळतो:

```
G  C  D  G
रात्री चंद्र आला दारी
```

शून्यापासून मोजलं तर कॉर्ड रकाना 0, 3, 6 आणि 9 वर आहेत. आपल्या डोळ्यांनी खालची ओळ मोजा: रा, त्री, स्पेस, चं, द्र, स्पेस, आ, ला, स्पेस, दा, री. तिसऱ्या रकान्यात चं, सहाव्यात आ, नवव्यात दा. चारही कॉर्ड शब्दांच्या सुरुवातीला चोख बसतात.

संगणक मात्र असं मोजत नाही. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘रात्री’ म्हणजे र, काना, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं. आपल्याला ओळीत ११ जागा दिसतात, साठवलेली चिन्हं २१ आहेत. इंग्रजी गाण्यांसाठी लिहिलेला साधा प्रोग्राम चिन्हं मोजतो आणि हे हाती देतो:

```
[G]रात[C]्री[D] चं[G]द्र आला दारी
```

C कॉर्ड त आणि त्याच्या हलन्ताच्या मध्ये घुसला, त्यामुळे ‘त्री’ फुटलं. D मोकळ्या जागेवर पडला. शेवटचा G ‘दारी’ऐवजी ‘चंद्र’च्या पोटात गेला. ‘आला दारी’वर एकही कॉर्ड उरला नाही. असा चार्ट पाहिल्यावर दोन खुणा लगेच दिसतात. एक, कॉर्ड ओळीच्या डाव्या बाजूला गर्दी करतात. दुसरी, कुठेतरी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. आधार तुटलेल्या मात्रेसाठी किंवा हलन्तासाठी फॉन्ट ते वर्तुळ काढतो.

म्हणून मोजायची ती चिन्हं नव्हेत, अक्षरं. पायथॉनच्या regex मॉड्यूलमध्ये `\X` हा संकेत एका अक्षराचा पूर्ण गठ्ठा उचलतो. फक्त जोडाक्षरांकडे लक्ष हवं. हलन्तानंतरचं व्यंजन त्याच गठ्ठ्यात धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधनं ‘त्री’चे त् आणि री असे दोन तुकडे करतात, आणि रकाना पुन्हा एकाने चुकतो. ते तुकडे आपणच सांधलेले बरे:

```python
import regex

def akshare(ol):
    out = []
    for g in regex.findall(r'\X', ol):
        if out and out[-1].endswith('\u094d') and g != ' ':
            out[-1] += g
        else:
            out.append(g)
    return out
```

या यादीत कॉर्डच्या रकान्याचा क्रमांक शोधायचा आणि त्या अक्षराच्या आधी कंस घालायचा. कंस उजवीकडून डावीकडे घालत यावं, म्हणजे आधीचे क्रमांक हलत नाहीत. मग ओळ अशी मिळते:

```
[G]रात्री [C]चंद्र [D]आला [G]दारी
```

याची मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. प्रत्येक अक्षराला एकच रकाना हे आपण धरून चाललो आहोत. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये ‘त्री’ रुंद असते आणि ‘रा’ तिच्यापेक्षा अरुंद, आणि लिहिणाऱ्याने नजरेने स्पेस मारून कॉर्ड जुळवलेला असतो. तेव्हा कुठलीही मोजणी हमी देत नाही. मूळ फॉन्ट माहीत असेल तर त्या फॉन्टमधली रुंदी मोजून जागा काढता येते. नसेल तर सगळ्यात जवळच्या शब्दाच्या सुरुवातीला कॉर्ड लावावा आणि एकदा गिटार घेऊन गाऊन पाहावं. शब्दाच्या मधल्या अक्षरावर सम पडत असेल तर ते कानालाच कळतं.

तपासणीत एक फसवी गोष्ट आहे. सगळे कंस काढून मूळ ओळीशी ताडून पाहणं ही सर्वांना सुचणारी परीक्षा, पण वरची फुटलेली ओळही त्यात पास होते, कारण चिन्हं तीच आणि त्याच क्रमाने आहेत. त्यापेक्षा फाइलमध्ये हे शोधावं:

```
\][\u0900-\u0903\u093a-\u093c\u093e-\u094f]|\u094d\[
```

कंस बंद होताच मात्रा किंवा अनुस्वार येत असेल, किंवा हलन्ताला लागूनच कंस उघडत असेल, तर तिथे अक्षर फुटलं आहे.

आता मांडणी. ब्राउझरमध्ये सहसा कॉर्ड आणि त्याच्या खालचा मजकूर यांची एक पेटी करतात, म्हणजे ओळ मोडली तरी दोघं बरोबर खाली उतरतात. शब्दाच्या सुरुवातीच्या कॉर्डला हे छान चालतं. पण ‘आ[Gsus4]ला[D]’सारख्या ठिकाणी Gsus4 हे नाव ‘ला’पेक्षा रुंद, त्यामुळे ‘ला’च्या पुढे फट पडते. असाच रुंद कॉर्ड ‘आ’वर आणि दुसरा ‘ला’वर असेल तर फट शब्दाच्या मधोमध येते, शिरोरेषा तुटते आणि ‘आला’ हे दोन शब्द वाटू लागतात. इंग्रजी चार्टमध्ये अशा फटीत छोटी आडवी रेघ घालतात. देवनागरीत ती डोळ्याला खुपते. मला बरं वाटतं ते असं: पूर्ण शब्द एका पेटीत अखंड ठेवायचा, कॉर्ड जागा न व्यापता त्याच्या वर तरंगत ठेवायचा (CSS मध्ये `position: absolute`), आणि शेजारचे दोन कॉर्ड एकमेकांवर चढत असतील तर शब्दांमधलं अंतर वाढवायचं. एकाच शब्दावर दोन रुंद कॉर्ड आले तर मात्र फट किंवा बारीक अक्षरातले कॉर्ड, यातलं एक पत्करावं लागतं.

शिवाय रफार, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात. रोमन लिपीसाठी ठरवलेलं दोन ओळींमधलं अंतर ठेवलं तर ‘र्कीं’सारख्या अक्षराचा माथा थेट कॉर्डच्या नावात घुसतो. अंतर ठरवताना गाण्यातलं असं सगळ्यात उंच अक्षर शोधावं आणि कॉर्ड त्याच्या वर मोकळा राहील एवढी जागा सोडावी.